बक्षीसपत्र की मृत्युपत्र : हयातीत दिलेले घर आणि मागे ठेवलेले दुकान

सांगलीच्या हळद बाजारातील एका अडत्याचे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. हे कुटुंब कोणा एकाचे नव्हे. अशा अनेक प्रकरणांत पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून मांडलेले हे उदाहरण आहे. वडिलांचे वय सत्तर, आईचे पासष्ट. थोरला मुलगा पेढीवर बसतो, धाकटा पुण्यात अभियंता आहे, मुलगी इचलकरंजीला दिलेली. मिळकती दोनच : राहते घर, ज्याची शासकीय दरपत्रकानुसार 2017 साली किंमत 80 लाख रुपये होती, आणि बाजारपेठेतील दुकान, ज्याची किंमत 60 लाख रुपये होती. दोन्ही वडिलांच्या स्वकष्टार्जित. वडिलांच्या मनातील वाटणीही साधी होती. थोरला घरात राहतो, आईवडिलांचे करतो, म्हणून घर त्याला. दुकान पुढे धाकटा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. सुनेचा, मुलांचा, जावयांचा यावर आक्षेप नव्हता, कारण कोणाला विचारलेच नव्हते.

त्या वर्षी वडिलांनी दोन कागद केले. घराचे थोरल्याच्या नावे बक्षीसपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदविले. दुकानासाठी मृत्युपत्र लिहून कपाटात ठेवले. घरासाठी बक्षीसपत्र निवडण्याचे कारण कोणीतरी सांगितलेला एक आकडा होता. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना निवासी अथवा शेतीची मिळकत बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये लागते. दुकान निवासीही नाही आणि शेतीही नाही. म्हणून तेच दुकान मुलाला बक्षीस द्यायचे तर बाजारमूल्यावर 3 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार रुपये शुल्क भरावे लागले असते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क मुळीच नाही. तेव्हा ज्याला खर्च कमी त्याचे बक्षीसपत्र आणि ज्याला खर्च अधिक त्याचे मृत्युपत्र, असा व्यापारी हिशेब झाला. हा हिशेब आपल्या घरांतून फार वेळा होतो. त्यात शुल्क मोजले जाते. जे हातचे जाते ते मोजले जात नाही.

बक्षीसपत्र हे हस्तांतर आहे. दात्याची स्वाक्षरी, किमान दोन साक्षीदार, नोंदणी आणि दात्याच्या हयातीतच घेणाऱ्याने केलेला स्वीकार, एवढे झाले की मिळकत त्या दिवशी मुलाची होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 हा याबाबत अगदी कठोर आहे. दात्याला नंतर पश्चात्ताप झाला म्हणून बक्षीस परत घेता येत नाही. फसवणूक, दबाव किंवा गैरवाजवी प्रभाव सिद्ध केला तर ते न्यायालयाकडून रद्द करून घेता येते, आणि तोही दावा वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. मृत्युपत्र याच्या अगदी उलट आहे. ते लिहिणारा जिवंत असेपर्यंत त्या कागदाने कोणालाही काहीही मिळत नाही. उद्या ते फाडता येते, परवा नवे लिहिता येते, आणि शेवटचे तेवढे खरे.

जैन समाजाला 2014 साली राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यानंतर आपला वारसा कायदा बदलला, असा समज काही घरांत आहे. तसे झालेले नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 हा जैनांना पूर्वीप्रमाणेच लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांची स्वतःची मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असल्यास ती, यांच्यात समान वाटली जाते. मुलीचे लग्न होऊन वीस वर्षे झाली असली तरी तिचा वाटा मुलाइतकाच.

आता सांगलीच्या घराकडे परत यावे. 2017 चे बक्षीसपत्र दोन पानांचे होते. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' घर दिले, ताबा दिला, यापुढे दात्याचा कोणताही हक्क राहिला नाही, असे त्यात लिहिले होते. लेखनिकाच्या संगणकात असलेला तो ठरावीक मजकूर होता. आईवडिलांनी तहहयात त्या घरात राहावे, असा शब्द कोठेही नव्हता. तसे लिहिणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे, असे वडिलांना वाटले. आणि खरे सांगायचे तर थोरला वाईट मुलगा नव्हताच.

2019 साली थोरल्याने हळद पावडरीचे युनिट काढले. खेळत्या भांडवलासाठी बँकेकडून 45 लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा घेतली आणि तारण म्हणून घर दिले. घर त्याचेच होते. कोणाला विचारण्याचे कारण नव्हते. बँकेच्या वकिलाने मिळकतीच्या मागील तीस वर्षांच्या नोंदी तपासून शोध अहवाल दिला, त्यात 2017 चे बक्षीसपत्र निर्वेध दिसले. घरात वृद्ध आईवडील राहतात हे पाहणीच्या वेळी लक्षात आल्यावर बँकेने त्या दोघांना जामीनदार म्हणून सही करण्यास सांगितले. अशी सही घरच्या ओसरीवर, चहा घेत होते. त्या सहीने वडील केवळ जामीनदार झाले नाहीत. गहाणाची आपल्याला माहिती होती, हेही त्यांनी लिहून दिले.

पुढची दोन वर्षे धंद्याची गेली नाहीत. खाते नव्वद दिवसांहून अधिक थकले, अनुत्पादक ठरले आणि 2022 मध्ये सरफेसी कायद्याखालील साठ दिवसांची नोटीस घराच्या दारावर आली. येणे तोवर 52 लाखांवर गेले होते. या टप्प्यावर वडील वकिलाकडे गेले आणि त्यांचा पहिला प्रश्न होता : बक्षीसपत्र रद्द करता येईल का?

ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा निर्वाह व कल्याण कायदा आहे आणि त्याचे कलम 23 या प्रश्नासाठीच आहे, असे बहुतेकांनी ऐकलेले असते. साठ वर्षांवरील व्यक्तीने, आपली मूलभूत सोय व गरजा भागविल्या जातील या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते हस्तांतर रद्दबातल ठरवून घेता येते. येथे 'अटीवर' हा शब्द महत्त्वाचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले की, अशी अट होती हे दाखवावे लागते; केवळ प्रेमापोटी दिलेल्या बक्षिसाला हे कलम आपोआप लागू होत नाही. पुढे 2 जानेवारी 2025 रोजी त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईला तिने मुलाला दिलेली मिळकत परत मिळवून दिली आणि हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचला पाहिजे, असे म्हटले. पण त्या आईच्या बक्षीसपत्रातच मुलगा सांभाळ करतो असा उल्लेख होता आणि मुलाने त्याच वेळी, सांभाळ न केल्यास मिळकत परत घ्यावी असे लिहून दिल्याचे तिचे म्हणणे होते. सांगलीच्या दोन पानांत तसे काहीच नव्हते. शिवाय थोरल्याने आईवडिलांचा सांभाळ सोडलेलाही नव्हता. त्याचा दोष एवढाच की त्याचा धंदा बुडाला. त्या दोषावर कलम 23 मध्ये उपाय नाही. आणि जिने सद्भावाने, मोबदला देऊन तारण घेतले त्या बँकेचा हक्क या वादात सहजी जात नाही.

बक्षीसपत्राचा विचार करताना बहुतेक वडील एकाच संकटाची कल्पना करतात : मुलगा उलटेल. प्रत्यक्षात चांगल्या मुलाच्या हातूनही घर जाऊ शकते, आणि ते दोन मार्गांनी. एक त्याच्या कर्जामुळे, जे वर पाहिले. दुसरा त्याच्या अकाली मृत्यूमुळे. मुलाचे मृत्युपत्र नसेल तर त्याची मिळकत त्याची पत्नी, मुले आणि आई यांच्याकडे समान वाट्याने जाते. वडील मुलाचे पहिल्या वर्गातील वारस नाहीत. म्हणजे ज्यांनी घर बांधले आणि बक्षीस दिले, त्यांनाच त्या घरात कायद्याने एक इंचही वाटा उरत नाही. सून समजूतदार असेल तर प्रश्न येत नाही. नातवंडे अज्ञान असतील तर मात्र सुनेची इच्छा असूनही त्यांच्या वाट्याची विक्री किंवा तडजोड न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

मग बक्षीसपत्र करूच नये काय? तसे नाही. त्याची एक मोठी बाजू आहे आणि ती मृत्युपत्राकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

समजा, वडिलांनी घरही मृत्युपत्रानेच थोरल्याला ठेवले असते. ते हयात असेपर्यंत घर त्यांचेच राहिले असते, थोरल्याला ते गहाण टाकता आले नसते. पण त्यांच्या पश्चात धाकट्याने आणि मुलीने हरकत घेतली असती तर? तेव्हा कागद बोलतो, लिहिणारा बोलू शकत नाही. मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचा आधार घेणाऱ्यावर असते आणि किमान एका साक्षीदाराने न्यायालयात येऊन सांगावे लागते की, वडिलांनी आपल्यासमोर सही केली आणि आपण त्यांच्यासमोर केली. 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यात म्हटले आहे की, मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करणे हे लाभ घेणाऱ्याचे काम आहे. ही परिस्थिती कोणती, हे आपल्या घरांतील मृत्युपत्रे चाळली तरी समजते. लाभ घेणाऱ्या मुलानेच वकील गाठलेला असतो. साक्षीदार म्हणून पेढीवरचा मुनीम आणि त्याच मुलाचा मेहुणा असतो. लकवा मारल्यानंतर दोन महिन्यांत सही झालेली असते. मुलीला काहीच का दिले नाही, याचे कारण चार ओळींतही लिहिलेले नसते. पत्नीचा तर उल्लेखच नसतो, कारण ती आहेच असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. यातील एकेक गोष्ट किरकोळ वाटते. चार एकत्र आल्या की दावा दहा वर्षे चालतो.

बक्षीसपत्राला ही दुखणी कमी जडतात. वडील स्वतः दुय्यम निबंधकासमोर उभे राहतात, अंगठ्याचा ठसा आणि छायाचित्र देतात. पुढे कोणी वाद काढलाच तर 'होय, मी दिले' असे सांगण्यास ते स्वतः असतात. म्हणून ज्यांना इतर मुलांच्या हरकतीची भीती आहे त्यांना बक्षीसपत्र अधिक भक्कम. ज्यांना घेणाऱ्या मुलाच्या हातात मिळकत सुरक्षित राहील की नाही ही चिंता आहे त्यांना मृत्युपत्र अधिक सुरक्षित. दोन्ही चिंता असतील, आणि बहुधा असतातच, तर बक्षीसपत्राचा मजकूर नीट लिहावा लागतो. सांगलीच्या वडिलांकडून राहिले ते हेच.

घर देताना आपला राहण्याचा हक्क मागे ठेवता येतो. दात्याने तहहयात ताबा व उपभोग स्वतःकडे राखून केलेले बक्षीसपत्रही वैध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले आहे. त्या हक्कात पत्नीचे नाव स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. केवळ 'दात्याला तहहयात' असे लिहिले तर दात्यासोबत तो हक्क संपतो आणि मागे राहिलेली आई मुलाच्या मर्जीवर राहते. त्याच कागदात, मुलाने दोघांच्या औषधपाण्याची व सांभाळाची जबाबदारी या बक्षिसाची अट म्हणून घेतली आहे, असे लिहून त्याची सही घ्यावी. म्हणजे कलम 23 ला धरण्यास जागा राहते. 2017 च्या कागदात तहहयात हक्काची एवढी एक ओळ असती तरी 2019 साली बँकेच्या वकिलाला ती शोध अहवालात दिसली असती. बँकेने एकतर तारण नाकारले असते किंवा आईवडिलांना आपला हक्क सोडून कर्जात सामील होण्यास सांगितले असते. त्या वेळी निदान प्रश्न तरी समोर आला असता. अर्थात तो हक्क ओसरीवर चहा घेत सहीने सोडून दिला तर कागदाचा काही इलाज नाही.

दोन कलमे मात्र लोक स्वतःच्या बुद्धीने घालतात आणि नुकसान करून घेतात. 'मला वाटेल तेव्हा हे बक्षीसपत्र मी रद्द करीन' असे लिहिले तर ते बक्षीसच शून्य ठरते. 'मुलाने ही मिळकत कधीही विकू नये' ही अट तर कायदा मानीतच नाही. बक्षीस टिकते, अट गळून पडते. वडील तिच्यावर विसंबून निश्चिंत राहतात.

एक गोष्ट कागद करण्याच्याही आधीची. मिळकत खरोखर स्वतःची आहे काय? एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत असेल तर त्यातील आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, पण इतर सहदायादांच्या संमतीवाचून एका मुलाला बक्षीस देता येत नाही. कर्त्याने प्रेमापोटी दिलेले असे बक्षीस टिकत नाही, हे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही सहदायाद आहे, म्हणून ही हरकत तिच्याकडूनही येऊ शकते. मात्र आजोबांची स्वतः कमावलेली मिळकत त्यांच्या मृत्यूनंतर 1956 च्या कायद्याने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांच्या हातात त्यांची स्वतंत्र मिळकत समजली जाते. 'आजोबांची म्हणून वडिलोपार्जित' हे समीकरण दरवेळी खरे नाही.

आयकराची काळजी या निवडीत फार करू नये. वडिलांकडून मुलाला मिळालेल्या बक्षिसावर मुलाला कर नाही, आणि मृत्युपत्राने मिळाले तरी नाही. पुढे विकताना दोन्ही बाबतींत वडिलांची खरेदी किंमतच धरली जाते. सुनेच्या नावे केल्यास मात्र त्या मिळकतीचे उत्पन्न सासऱ्यांच्या उत्पन्नात मिळविले जाते. ते विसरू नये.

सांगलीच्या घरी पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. घराचा लिलाव टाळण्यासाठी वडिलांनी दुकान 70 लाखांना विकले. बँकेशी एकरकमी तडजोड 48 लाखांत झाली. भांडवली नफ्यावरील कर व इतर देणी गेल्यावर 15 लाखांच्या आसपास उरले. घर वाचले, ते थोरल्याच्याच नावावर राहिले. आणि कपाटातील मृत्युपत्र? त्यात धाकट्याला व मुलीला 'माझे दुकान' दिले होते. वडिलांच्या हयातीतच दुकान विकले गेल्याने तो देण्याचा मजकूर निष्फळ झाला. विक्रीचे पैसे त्याऐवजी मिळावेत असे त्यात लिहिलेले नव्हते, आणि उरलेल्या सर्व मिळकतीचे काय करावे याचेही कलम नव्हते. मृत्युपत्र कोणी मोडले नाही, तरी दोन मुलांच्या हाती काही उरले नाही.

धाकटा त्या दिवाळीला आला नाही. थोरल्याने घर घेतले आणि दुकानही खाल्ले, असे तो म्हणतो. थोरला म्हणतो, पेढी वीस वर्षे ज्याने चालविली त्याचा हिशेब कोणी केला नाही. मुलगी काही म्हणत नाही, पण हक्कसोडपत्राचा विषय निघाला की फोन ठेवते.

अखेर वडिलांनी तिघांना बसवून तोडगा काढला. उरलेले 15 लाख धाकटा व मुलगी यांना देण्याचे नवे मृत्युपत्र झाले. त्यात दुकान का गेले याचे कारण लिहिले, उरलेल्या सर्व मिळकतीचे कलम घातले, साक्षीदार म्हणून कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि वडिलांहून वीस वर्षांनी लहान असलेल्या एका शेजाऱ्याला बोलाविले, आणि सक्ती नसतानाही ते नोंदविले. थोरल्याने घर आईच्या नावे परत करण्याची तयारी दाखविली, म्हणजे तिच्या पश्चात तिघांना समान वाटा मिळेल. तेव्हा दस्तलेखकाने मुद्रांकाचा हिशेब काढला. वडिलांकडून मुलाकडे येताना घराला 200 रुपये लागले होते; पण त्या सवलतीच्या यादीत आई किंवा वडील नाहीत. मुलाकडून आईकडे परत जाताना 3 टक्के. घराची किंमत आता 95 लाख झाली होती. शुल्क 2 लाख 85 हजार रुपये. ते तिघांनी सारखे वाटून भरावे की थोरल्याने एकट्याने, यावर त्यांची बैठक अजून व्हायची आहे.